‘कसंही वाजवा’ असं केजने कधी म्हटलं होतं?

माझ्या संशोधनाचा विषय सांगितला की हमखास एक प्रश्न येतो: ‘म्हणजे त्यात वादकाने कसंही वाजवलं तरी चालतं ना?’ आजची पोस्ट या प्रश्नासाठी.

आधी एक गल्लत दूर करू. अमेरिकन संगीतकार जॉन केजने 1951 मध्ये ‘म्युझिक ऑफ चेंजेस’ ही पियानोची रचना केली. कोणता स्वर, किती वेळ, किती जोरात, हे त्याने नाणी उडवून, ‘ई चिंग’ या चिनी ग्रंथाच्या 64 आकृत्यांच्या आधारे ठरवलं. पण ठरल्यावर सगळं कागदावर पक्कं लिहिलं. म्हणजे इथे योगायोग रचनाकाराच्या टेबलावरच संपतो. वादकाला मोकळीक जवळजवळ नाहीच.

1961 च्या ‘व्हेरिएशन्स 2’ मध्ये मात्र चित्र पालटतं. तिथे स्वरलिपीच नाही. पारदर्शक प्लास्टिकचे 11 तुकडे मिळतात. सहांवर एकेक सरळ रेघ, पाचांवर एकेक ठिपका. ते कसेही एकमेकांवर टाकायचे आणि प्रत्येक ठिपक्यापासून प्रत्येक रेघेवर लंब टाकून अंतर मोजायचं. सहा रेघा म्हणजे सहा गोष्टी: स्वराची उंची, जोर, नादाचा पोत, लांबी, सुरू होण्याची वेळ, आणि तो एकच आवाज आहे की अनेकांचा पुंजका. पाच ठिपके, सहा रेघा, म्हणजे 30 मापं.

आता तुम्ही पियानोवादक आहात असं समजा. माप केजने दिलेलं नाही, ते तुम्हीच आधी ठरवायचं. समजा 20 सेंटिमीटर म्हणजे पियानोच्या सगळ्या 88 पट्ट्या, आणि वेळेच्या रेघेसाठी तेच 20 सेंटिमीटर म्हणजे दहा मिनिटं. एक ठिपका उंचीच्या रेघेपासून 5 सेंटिमीटरवर आला, तर डावीकडून 22 वी पट्टी. वेळेच्या रेघेपासून 7 सेंटिमीटरवर, तर साडेतीन मिनिटांनी. जोराच्या रेघेला तो अगदी चिकटून आहे, तर आवाज जेमतेम ऐकू येईल एवढाच. एक आवाज झाला. असे आणखी चार. मग तुकडे हलवायचे आणि पुन्हा मोजायचं.

खरी अडचण पुढे येते. समजा एक ठिपका सांगतो, पियानोच्या आत हात घालून तार छेडा, आणि एकाच सेकंदाने दुसरा सांगतो, टोकाची पट्टी दाबा. जमत नाही! इथे मोह होतो तो माप थोडं सरकवण्याचा. पण केजची सूचना अशी की प्रश्न पडला तर त्याचंही उत्तर पुन्हा रेघा-ठिपक्यांनाच विचारा. सोयीने वाजवलं की बोटं नकळत सवयीच्या जागी जातात, एखादी ठेवणीतली सुरावट डोकावते, ठेका स्थिर होतो. ऐकताना हे कळतं. आपल्या मैफिलीतल्या उपजेशी याची तुलना करतात, पण उपज अंगात मुरलेल्या तालमीतून येते. इथे त्या मुरलेल्यालाच बाजूला ठेवायचं असतं.

पियानोवादक डेव्हिड ट्यूडर यात मुरलेला होता. 1958 मधल्या केजच्या ‘कॉन्सर्ट फॉर पियानो अँड ऑर्केस्ट्रा’साठी त्याने चित्रलिपीतली पानं मोजून स्वतःसाठी वेगळी प्रत लिहून काढली. ‘व्हेरिएशन्स 2’ त्याने ध्वनिवर्धन केलेल्या पियानोवर केलं, आणि तिथे तर मोजण्याची पद्धतच बदलली: प्रत्येक गोष्टीला ‘साधी’ किंवा ‘गुंतागुंतीची’ एवढीच दोन उत्तरं. कारण ध्वनिवर्धन केलेला पियानो काय आवाज देईल हे सेंटिमीटरमध्ये सांगताच येत नव्हतं. हा पळवाटीचा प्रकार नव्हे. आधी नियम ठरवला, मग तो पाळला.

उलट उदाहरण 1964 च्या फेब्रुवारीतलं. तारकानकाशांवर कागद ठेवून रचलेली ‘अॅटलस एक्लिप्टिकालिस’ न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने लेनर्ड बर्नस्टाइनच्या कार्यक्रमात सादर केली. वाद्यांना मायक्रोफोन जोडलेले होते, आणि कुणाचा आवाज कधी बाहेर जाईल हे वादकांच्या हातात नव्हतं. काही वादकांनी लिहिलेलं सोडून भलतंच वाजवलं, श्रोते उठून गेले, केज दुखावला.

पण वादकांचीही एक बाजू आहे. आयुष्यभर रियाझ करून कमावलेला स्वर, आणि तो ऐकू येणार की नाही हे दुसराच ठरवणार. त्यांचा राग मला समजतो. ट्यूडरला तयारीसाठी लागेल तितका वेळ होता आणि निर्णय त्याचे स्वतःचे होते. ऑर्केस्ट्रातल्या वादकाकडे मोजक्या तालमी होत्या आणि कष्ट श्रोत्यापर्यंत पोचतील याची खात्री नव्हती.

म्हणून ‘कसंही वाजवा’ हे उत्तर चूक. ‘तुम्हीच ठरवा, आणि मग ठरवलेल्याला आवडीनिवडीपायी फाटा देऊ नका’, हे बरोबर. ते मान्य करायला वादक का तयार होतो किंवा होत नाही, हाच माझ्या प्रबंधाचा प्रश्न आहे.