एक बँक आणि सत्तेच्या दोन वांटण्या

राज्यशास्त्राच्या वर्गांत अमेरिकेची राज्यघटना शिकवितांना फळ्यावर बहुधा दोन आकृत्या काढल्या जातात. पहिल्या आकृतींत वर मध्यवर्ती सरकार आणि खालीं घटक राज्यें असतात; हें संघराज्याचें चित्र. दुसरींत कायदे करणारें विधिमंडळ, ते अंमलांत आणणारा अध्यक्ष आणि त्यांचा अर्थ लावणारें न्यायालय अशीं तीन घरें शेजारीं शेजारीं असतात. हें सत्ताविभाजनाचें चित्र. दोन्ही चित्रांतील रेषा ठळक दिसतात. इतिहासांत मात्र त्या रेषा कोठें ओढावयाच्या आणि त्या ओढण्याचा अधिकार कोणाचा, यावरूनच भांडणें झालीं. एकाच बँकेच्या वीस वर्षांच्या आयुष्यांत हीं दोन्ही भांडणें कशीं झालीं, तें पाहिलें म्हणजे त्या आकृत्यांचा खरा अर्थ उलगडतो.

ही बँक म्हणजे १८१६ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें वीस वर्षांची सनद देऊन स्थापिलेली दुसरी राष्ट्रीय बँक. तिचें भांडवल साडेतीन कोटि डॉलर होतें व त्याचा पांचवा हिस्सा सरकारचा होता. सरकारी महसूल तिच्याच तिजोरींत ठेवला जाई. परंतु १७८७ सालीं तयार झालेल्या राज्यघटनेंत बँकेचें नांव कोठेंहि नव्हतें. कर बसविणें, कर्ज काढणें, सैन्य पोसणें असे अधिकार काँग्रेसला मोजून दिलेले होते; आणि अखेरीस, हे अधिकार चालविण्यासाठीं आवश्यक व उचित असे कायदे तिनें करावे, असें एक कलम होतें. सारा वाद त्या ‘आवश्यक’ शब्दाभोंवतीं फिरला.

१८१८ सालीं मेरीलंड राज्याच्या विधिमंडळानें एक कायदा केला. राज्याच्या सनदेवांचून चालणाऱ्या बँकेनें आपल्या नोटा राज्याच्या मुद्रांकित कागदावरच छापाव्या, किंवा वर्षाला पंधरा हजार डॉलर एकरकमी भरावे, असा तो कायदा होता. बाल्टिमोर येथील शाखेचा रोखपाल जेम्स मॅक्युलक यानें साध्या कागदावर नोटा काढल्या. त्याच्यावर दंडाची फिर्याद झाली. राज्याच्या न्यायालयांनीं राज्याच्या बाजूनें निकाल दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें. मेरीलंडच्या वतीनें उभे राहिलेल्या वकिलांपैकीं ल्यूथर मार्टिन हे १७८७ च्या घटनापरिषदेचे सभासद होते.

१८१९ च्या मार्च महिन्यांत मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल यांनीं न्यायालयाचा एकमुखी निकाल वाचला. त्यांत दोन प्रश्नांचीं उत्तरें होतीं. काँग्रेसला बँक काढतां येते काय? मार्शल यांच्या मतें, येते. ‘आवश्यक’ म्हणजे जिच्यावांचून चालणारच नाहीं अशी गोष्ट नव्हे. हेतु घटनेच्या कक्षेंतला असेल आणि साधन त्याला अनुरूप व निषिद्ध नसलेलें असेल, तर तेवढें पुरे. मग राज्याला त्या बँकेवर कर बसवितां येतो काय? येत नाहीं. कारण कर बसविण्याच्या अधिकारांत नाश करण्याचा अधिकारहि येतो. मेरीलंडचें विधिमंडळ मेरीलंडच्या मतदारांना जबाबदार असतें. त्यानें जादा कर बसविला तर तेच मतदार त्याला आवरतात. परंतु ही बँक साऱ्या राष्ट्राची. इतर राज्यांतील लोकांना मेरीलंडच्या सभागृहांत मतच नव्हतें, म्हणून त्यांच्या संस्थेवर कर घेण्याचा अधिकारहि मेरीलंडला नव्हता. अशा रीतीनें पहिल्या आकृतींतील रेषा न्यायालयानें ओढली.

रेषा ओढणें निराळें आणि ती पाळविणें निराळें. त्याच वर्षीं ओहायो राज्यानें आपल्या हद्दींतील प्रत्येक शाखेवर पन्नास हजार डॉलरांचा कर लादला. मार्शल यांचा निकाल प्रसिद्ध होऊनहि राज्याचे अधिकारी सप्टेंबरांत चिलिकोथी येथील शाखेंत शिरले आणि एक लाखाहून अधिक डॉलर बळजबरीनें घेऊन गेले. न्यायालयाजवळ ना सैन्य, ना तिजोरी. बँकेला पुनः दावे लढवावे लागले आणि १८२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पुनः तिच्या बाजूनें निकाल दिला.

येथें संघराज्याचा अंक संपला. सनदेची मुदत १८३६ सालीं संपावयाची होती; पण १८३२ सालींच काँग्रेसनें ती वाढविण्याचें विधेयक मंजूर केलें. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनीं १० जुलै रोजीं तें नाकारून परत पाठविलें. बँक घटनाबाह्य आहे हें त्यांच्या कारणांपैकीं एक होतें. न्यायालयानें तर ती तेरा वर्षांपूर्वींच घटनेला धरून ठरविली होती! यावर जॅक्सन यांचें उत्तर असें: घटनेशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ प्रत्येक अधिकारी घेतो व ती आपल्या समजुतीप्रमाणें पाळतो, न्यायाधीशांचें मत काँग्रेसला किंवा अध्यक्षाला कायदा करतेवेळीं बांधीत नाहीं. शिवाय साधन कितपत आवश्यक आहे हें विधिमंडळानें ठरवावें, असें न्यायालयानेंच म्हटलें होतें. आणि विधेयक संमत करण्याच्या कामांत अध्यक्षाचाहि वांटा असतो. नकार उलथविण्यास दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतें लागतात. सेनेटांत २२ विरुद्ध १९ मतें पडलीं. तेवढीं पुरेशीं नव्हतीं.

हा नकार घटनेच्या चौकटींतलाच होता. पुढचें पाऊल अधिक नाजूक ठरलें. सरकारी ठेवी बँकेंतून हलविण्याचा अधिकार १८१६ च्या कायद्यानें अध्यक्षाला नव्हे, तर अर्थमंत्र्याला दिला होता, आणि त्याची कारणें त्यानें काँग्रेसला कळवावयाचीं होतीं. १८३३ सालीं अर्थमंत्री विल्यम डुएन यांनीं ठेवी हलविण्यास नकार दिला. जॅक्सन यांनीं त्यांना काढून रॉजर टॉनी यांना नेमलें आणि काम उरकलें. कायद्यानें अधिकाऱ्याच्या विवेकावर सोंपविलेली गोष्ट, तो अधिकारीच बदलून, अध्यक्षाला करवून घेतां येते काय? १८३४ सालीं सेनेटनें अध्यक्षाच्या निषेधाचा ठराव केला आणि टॉनी यांची नेमणूकहि नाकारली. १८३७ सालीं जॅक्सन यांच्या पक्षाचें बहुमत होतांच सेनेटनें तो निषेध आपल्या दप्तरांतून रद्द केला. दुसऱ्या आकृतींतील ही रेषा शेवटीं न्यायालयानें नव्हे, तर निवडणुकांनीं ओढली.

भारताच्या १९५० च्या राज्यघटनेशीं हा प्रसंग ताडून पाहिला म्हणजे फरक उमजतो. येथें बँकव्यवसाय संघाच्या सूचींत स्पष्ट लिहिलेला आहे, आणि संघाच्या मालमत्तेवर राज्यांनीं कर घेऊं नये असें २८५ वें कलम सर्वसाधारणपणें सांगतें. मार्शल यांना जें तर्कानें सिद्ध करावें लागलें त्यांतील बरेंच येथें शब्दांनींच नोंदलें आहे. अमेरिकेंत उरलेले अधिकार राज्यांकडे वा लोकांकडे राहतात, भारतांत ते संघाकडे जातात. संसदेनें संमत केलेलें साधें विधेयक राष्ट्रपतींना एकदांच परत पाठवितां येतें. पुनः संमत होऊन आल्यास संमति द्यावी लागते. शिवाय मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असल्यामुळें जॅक्सन यांच्यासारखा उघड सामना सहसा उभा राहत नाहीं.

त्या बँकेच्या सनदेची मुदत १८३६ सालीं सरली. न्यायालयानें तिला जगण्याचा हक्क दिला होता. जगविण्याचें बंधन मात्र काँग्रेसवर वा अध्यक्षावर घातलें नव्हतें. एखादी गोष्ट करण्याचा अधिकार आहे कीं नाहीं हें एक संस्था ठरविते, आणि ती करावी कीं नाहीं हें दुसरी. फळ्यावरील त्या दोन आकृत्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या, तरच हा फरक दिसतो.