प्रस्तावना : एकाकडे सरकत जाणारे वजन

दापोडीहून लोकलने खडकी-शिवाजीनगरकडे बी.एस्सी.च्या वर्गांना जाणाऱ्या मुलांना ही पुस्तिका गाडीतही वाचता यावी, एवढीच ती लहान ठेवली आहे. तिचा सारा विषय एका प्रश्नात मावतो. f हे [0, 1] वर संतत फल असेल, तर n∫₀¹ xⁿ f(x) dx याची सीमा किती?

उत्तर f(1). पण पहिल्यांदा हा प्रश्न पाहणारे पुष्कळजण शून्य लिहितात, आणि त्यात त्यांचे फारसे चुकत नाही. x एकपेक्षा लहान असेल तर n·xⁿ शून्याकडेच जाते. मग सीमा संकलनाच्या आत नेली की झाले! इथेच गाडी अडते, कारण सगळे वजन x = 1 च्या अगदी जवळ साचलेले असते आणि आत नेलेल्या सीमेला ते दिसत नाही.

हे आकड्यांत पाहू. n ऐवजी n+1 घेतले (सीमेला फरक पडत नाही), तर (n+1)xⁿ चे ० ते १ मधले एकूण वजन नेमके १ येते आणि ० ते a एवढ्या भागावरचे aⁿ⁺¹. n = 100 धरा. ० ते ०.९५ या लांबलचक पट्ट्यावर वजन जेमतेम अर्धा टक्का उरते आणि ०.९९ ते १ या चिंचोळ्या तुकड्यावर सुमारे ६४ टक्के.

सिद्धता यातूनच निघते. f(x) − f(1) याचे संकलन 1−δ पाशी तोडायचे. उजवीकडे सांतत्यामुळे फरक ε पेक्षा कमी, म्हणून तो वाटाही ε च्या आत. डावीकडे |f| ≤ M असल्याने वाटा फार तर 2M(1−δ)ⁿ⁺¹, आणि तो n वाढला की संपतो. δ आधी ठरवायचा, n नंतर. परीक्षेच्या वहीत हा क्रम उलटा झालेला मी अनेकदा पाहिला आहे.

खंडशः संकलनाने उत्तर दोन ओळींत मिळते हे खरे, पण त्यासाठी f विकलनीय हवे आणि f′ संतत हवे. प्रश्नात फक्त सांतत्य दिले आहे. उलट, वरच्या सिद्धतेला सांतत्य लागते तेही केवळ x = 1 पाशी; बाकी ठिकाणी f बंदिस्त आणि संकलनक्षम असले की पुरे. ते एका टोकाचे सांतत्य मात्र सोडता येत नाही. f सर्वत्र शून्य आणि फक्त f(1) = 5 ठेवा; संकलन प्रत्येक n ला शून्यच राहील.

वेग हा वेगळा प्रश्न. f(x) = x² साठी उत्तर n/(n+3), म्हणजे n = 100 ला ०.९७१, चूक साधारण 3/n. f(x) = √(1−x) घ्या. f(1) = 0 असूनही n = 100 ला सुमारे ०.०८७ उरतात. इथे चूक 1/√n च्या चालीने घटते, म्हणून ती दहापट कमी करायला n शंभरपट करावा लागतो. कारण या फलाचा आलेख x = 1 पाशी उभा कोसळतो. पहिल्या प्रकरणात हेच उदाहरण कागदावर सोडवले आहे.