तळटीप : रायगडाच्या महादरवाजाचे छायाचित्र
* खालच्या वाटेवरून टिपलेल्या या छायाचित्रात दरवाजाची कमान शोधू नये. ती शत्रूला दुरून दिसू नये म्हणूनच ही गोमुखी रचना आहे. आधी दोन गोलाकार फुगवटे पाहावेत, ते बुरूज. त्यांच्यामधली अरुंद, काळसर वाट वळून जिथे नाहीशी होते, तिथे आत महादरवाजा आहे. बुरुजांपासून एकीकडे टकमक टोकाकडे, दुसरीकडे हिरकणीकडे गेलेली तटबंदी मात्र कड्याच्या रंगात मिसळते आणि इथेच नजर हमखास फसते. चिऱ्यांचे आडवे थर आणि जंग्यांची बारीक छिद्रे दिसली, तरच तो तट समजावा. पाण्याची टाकी या कोनातून दिसत नाहीत. ती कातळाच्या पोटात खोदलेली असतात. त्यांसाठी वरून घेतलेले छायाचित्र पाहावे. — संपादक