करारांतील ठरीव नुकसानी व दंड

जुन्या इंग्रजी दस्तऐवजांचा संग्रह करणारांस एका जातीचा रोखा वारंवार आढळतो, आणि तो वाचतांना फसगत होण्याचा संभव फार असतो. रोख्याच्या वरच्या भागांत ‘मी अमक्यास १०० पौंड देणें लागतों’ अशी निरपवाद कबुली असते. खालीं शर्त असते ती अशी कीं, अमुक तारखेपर्यंत ५० पौंड पोंचते झाल्यास हा रोखा रद्द समजावा. वरचा आंकडा पाहून कर्ज १०० पौंडांचें होतें असें टिपण करणें चूक होय. खरें देणें खालच्या शर्तींत असतें. वरची, बहुधा दुप्पट धरलेली रक्कम हा मुदत चुकल्याचा दंड होय.

पूर्वीं इंग्लंडांतील सामान्य कायद्याचीं न्यायालयें अशा रोख्याच्या अक्षराला चिकटून राहत. मुदत एक दिवस टळली तरी वरची सबंध रक्कम देववीत. मग ऋणको चॅन्सरी न्यायालयाकडे धांव घेई, व तें न्यायालय मुद्दल, व्याज आणि खर्च यांवर धनकोची बोळवण करी. सतराव्या शतकाच्या अखेरीस व पुढें १७०५ सालीं पार्लमेंटनें केलेल्या कायद्यांमुळें हीच सवलत सामान्य न्यायालयांतहि मिळूं लागली.

दंड पदरांत पडत नाहीं असें दिसल्यावर करार लिहिणारांनीं शब्द बदलले. ‘ही रक्कम दंड नसून उभयतांनीं आधींच ठरविलेली नुकसानी आहे,’ असें ते लिहूं लागले. या शब्दांची कसोटी १८२९ सालच्या केंबल विरुद्ध फॅरन या खटल्यांत लागली. फॅरन या विनोदी नटानें लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाटकगृहांत चार हंगाम काम करण्याचा करार केला होता. नाटकगृह उघडें असेल त्या प्रत्येक रात्रीचे त्यास ३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स मिळावयाचे होते, आणि तेथील नेहमींचे नियम त्यानें पाळावयाचे होते. कराराचें कोणतेंहि कलम कोणत्याहि पक्षानें मोडल्यास त्यानें १००० पौंड द्यावे, व ही ठरीव नुकसानी समजावी, दंड नव्हे, असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें. फॅरननें दुसऱ्या हंगामांत काम करण्याचें नाकारलें. ज्यूरीनें नुकसान ७५० पौंडांचें धरलें. केंबल १००० पौंडांवर अडून बसला.

मुख्य न्यायाधीश टिंडल यांच्या न्यायालयानें ती मागणी फेटाळली. त्याचें कारण मार्मिक आहे. हंगाम सोडून जाण्यानें होणारें नुकसान मोजणें कठीण. तेवढ्याच अपराधासाठीं १००० पौंड लिहिले असते तर ते कदाचित् टिकते. पण येथें एकच रक्कम सर्व कलमांना लावलेली होती. मालकानें एका रात्रीचे सवातीन पौंडांच्या आंतबाहेरचे पैसे थकविले, किंवा नटानें एखादा क्षुल्लक नियम मोडला, तरीहि १०००च! लहान, निश्चित रक्कम न दिल्याबद्दल तिच्या कैक पटींनीं मोठी रक्कम देणें ही भरपाई असूं शकत नाहीं. मग तिला नांव कांहींहि द्या. म्हणून अशा दस्तऐवजांत ‘दंड’ हा शब्द आहे कीं नाहीं हें शोधण्यापेक्षां, ती रक्कम किती आणि कोणकोणत्या चुकांना जोडली आहे हें आधीं पाहावें.

याची उलट बाजू १९१५ सालच्या डनलॉप टायरच्या खटल्यांत दिसते. ठरलेल्या किंमतीहून स्वस्त विकलेल्या प्रत्येक टायरमागें ५ पौंड हें कलम तेथें टिकलें. कारण अशा विक्रीनें कंपनीच्या साऱ्या विक्रीव्यवस्थेची होणारी हानि नेमकी मोजणें अशक्यप्राय होतें, आणि ५ पौंड हा आंकडा अवास्तव नव्हता.

हिंदुस्थानच्या १८७२ सालच्या करार कायद्यानें हा नामभेदाचा घोळच बाजूस सारला. त्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणें रकमेस दंड म्हणा वा नुकसानी म्हणा, न्यायालय वाजवी भरपाई देतें, आणि लिहिलेला आंकडा ही तिची कमाल मर्यादा होय. नुकसान सिद्ध झालें असो वा नसो, असेहि शब्द त्यांत आहेत. पण त्यांचा अर्थ नुकसान मुळींच नसतां पैसे मिळावेत असा नाहीं.

हें सर्वोच्च न्यायालयानें १९६३ सालीं फतेहचंद विरुद्ध बाळकिशनदास या खटल्यांत सांगितलें. दिल्लींतील एका बंगल्याच्या विक्रीचा १९४९ सालचा करार ₹ १,१२,५०० चा होता. खरेदीदारानें ₹ १,००० विसार व पुढें ताबा घेतांना ₹ २४,००० दिले होते. त्यानें मुदतींत व्यवहार पुरा न केल्यास सर्व ₹ २५,००० जप्त, असें कलम होतें. व्यवहार मोडला. विक्रेत्यास विसाराचे ₹ १,००० ठेवतां आले. पण ₹ २४,००० जप्त करण्याइतकें नुकसान त्यास दाखवितां आलें नाहीं, म्हणून ती जप्ती न्यायालयानें मान्य केली नाहीं.