प्रोग्रॅम-फायलींच्या अटॅचमेंटना मेलमधील अटकाव

ज्या फायली उघडताच संगणकाला हुकूम देतात, म्हणजे .exe, .bat, .vbs, .js यांसारख्या, त्या बहुतेक मेलसेवा अटॅचमेंट म्हणून नेत नाहीत. झिप करून पाठवल्या तरी उत्तर तेच. फाइल निर्दोष असूनही अडवली गेली, ही याविषयीची नेहमीची तक्रार. ती खरीही असते, पण नियमाच्या मुळाशी जात नाही. इथे कोणाची फाइल दोषी ठरवलेली नसते. फायलींचा हा प्रकारच मेलमधून न्यायचा नाही, एवढेच ठरलेले असते.

असे सरसकट का ठरवावे लागले, हे मे २००० मधल्या ‘आय लव्ह यू’ प्रकरणावरून कळते. त्या मेलसोबतच्या फाइलचे नाव LOVE-LETTER-FOR-YOU.TXT.vbs असे होते. विंडोज शेवटचे .vbs लपवत असे, त्यामुळे वाचणाऱ्याला साधे पत्र दिसे. ते उघडले की स्क्रिप्ट चाले आणि आउटलुकच्या पत्तेवहीतल्या सर्वांना स्वतःची प्रत धाडी. म्हणजे मेल आला तो ओळखीच्याच माणसाकडून. ‘पाठवणारा माहीत आहे, मग अडवता कशाला?’ हा आक्षेप तिथेच निकालात निघाला. ‘व्हायरस तपासणी आहे ना?’ हा आक्षेप थोडा तगडा आहे. पण तपासणी प्रामुख्याने आधी पाहिलेले ओळखते. नव्या स्क्रिप्टचा बंदोबस्त होईपर्यंत पहिले काही हजार लोक तिला बळी पडलेले असू शकतात. पुढे हल्लेखोर झिपमध्ये .js घालून पाठवू लागले, आणि फेब्रुवारी २०१७ पासून जीमेलने .js फायलीही बंद केल्या.

आता सांगली-साताऱ्यात सहज घडेल असा प्रसंग घेऊ. समजा, सांगलीतल्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याने साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपसाठी मालसाठ्याचा पायथन प्रोग्रॅम लिहिला. त्याने अख्खा फोल्डर झिप करून जीमेलने पाठवला आणि तो अडला. त्याने स्वतः एकही .exe बनवलेली नाही, म्हणून तो चक्रावतो. उत्तर फोल्डरमधल्या venv मध्ये आहे. विंडोजवर त्यातल्या Scripts या भागात python.exe, activate.bat, Activate.ps1 अशा फायली आपोआप येऊन बसतात, आणि जीमेल झिपच्या आतली नावेही वाचते. जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टमध्ये node_modules असाच दगा देते. पासवर्ड लावूनही सुटका नाही, कारण साध्या झिपमध्ये मजकूर कुलूपबंद होतो, नावांची यादी उघडीच राहते.

अशा वेळी फाइलचे नाव बदलून .txt करा, असा सल्ला हमखास मिळतो. तो वाईट आहे, कारण त्यात घेणाऱ्याला नाव परत बदलून फाइल चालवायला शिकवावे लागते, आणि फसवणाऱ्यालाही नेमकी हीच सवय हवी असते. आधी पाठवायचे तेवढेच पाठवावे. venv वगळावे, लागणाऱ्या पॅकेजांची यादी काढावी आणि ती .py फायलींसोबत द्यावी:

```
pip freeze > requirements.txt
```

साताऱ्यात त्या यादीवरून तोच सरंजाम पुन्हा उभा राहतो. हे जीमेलला चालते. वेबवरच्या आउटलुकने मात्र २०१९ मध्ये .py देखील अडवायच्या यादीत घातली, तेव्हा समोरची मेलसेवा कोणती हे विचारून घ्यावे.

तयार प्रोग्रॅमच द्यायचा असेल, तर तो गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी ठेवून फक्त घेणाऱ्याच्या मेलपत्त्याला परवानगी द्यावी आणि लिंक पाठवावी. लिंकमधूनही विषारी फाइल येऊ शकते, हा आक्षेप रास्त आहे. फरक असा, की मेल एकदा पोचला की हातातून गेला. लिंकवरची फाइल चूक कळताच काढून घेता येते. डाउनलोडच्या वेळी तिची व्हायरस तपासणीही होते. मात्र १०० एमबीपेक्षा मोठी फाइल गूगल ड्राइव्ह तपासत नाही, तसा इशारा देते. त्या इशाऱ्याला ‘धोका सापडला’ समजू नये आणि ‘काही नाही’ असेही समजू नये.

पोचलेली फाइल तीच आहे का, हे पाहायला दोन्ही टोकांना हा आदेश चालवावा:

```
certutil -hashfile stock.zip SHA256
```

येणारी ६४ अक्षर-अंकांची ओळ जुळली पाहिजे. एक बाइट बदलला तरी सगळी ओळ बदलते. ती लिंकच्याच मेलमधून पाठवण्यात अर्थ नाही, कारण मेल ज्याच्या हाती लागला तो दोन्ही बदलेल; ती फोनवर वाचून दाखवावी. कंटाळवाणे काम खरे, पण पेन ड्राइव्ह घेऊन साताऱ्याची एसटी धरण्यापेक्षा बरे. एवढे मात्र लक्षात असावे, की ओळ जुळली म्हणजे वाटेत फेरफार झाला नाही इतकेच कळते. सांगलीतला संगणकच बाधित असेल, तर बाधित फाइलचीही ओळ तंतोतंत जुळेल. म्हणून वर्कशॉपने नवा प्रोग्रॅम हिशेबाच्या संगणकावर आधी न चालवता, ज्यावर गमावण्यासारखे काही नाही अशा संगणकावर चालवून पाहावा.