परीक्षेपूर्वीची दुःस्वप्ने

परीक्षा जवळ आली की पडणारी भीतिदायक स्वप्ने. केंद्रावर पोचायला उशीर होणे, हॉलतिकीट हरवणे, पाठ केलेले उत्तर न आठवणे हे त्यांतले नेहमीचे विषय. विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सांगणे आवश्यक असते: अशी स्वप्ने स्वाभाविक आहेत आणि ती कमी करता येतात.

कारण : दिवसभर मनाला लागून राहिलेली काळजी झोपेत स्वप्नाचे रूप घेते. ठळक स्वप्ने बहुधा डोळ्यांची जलद हालचाल होणाऱ्या झोपेत (रेम झोप) पडतात. त्या वेळी मेंदूतील भावनांशी निगडित भाग जास्त सक्रिय असतात आणि सारासार विचाराचा भाग मंदावलेला असतो. ही झोप पहाटेकडे वाढत जाते, म्हणून दुःस्वप्नाने जाग बहुधा पहाटेच येते.

स्वप्न आणि निकाल : पॅरिसमधील वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास इझाबेल आर्नुल्फ व सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केला. उत्तर देणाऱ्या 719 जणांपैकी सुमारे 60 टक्के विद्यार्थ्यांना आदल्या रात्री परीक्षेचे स्वप्न पडले होते. त्यांतल्या 78 टक्के स्वप्नांत काहीतरी बिघडले होते. तरीही ज्यांना स्वप्न पडले, त्यांचे गुण सरासरीने अधिक होते. स्वप्नामुळे गुण वाढले, असे यावरून ठरत नाही. पण स्वप्नातले अपयश हे निकालाचे भाकीत नव्हे, एवढे दिसते.

उपाय : स्वप्नाचा शेवट बदलून त्याची उजळणी करणे ही परिणामकारक पद्धत आहे. उदाहरणार्थ, दहावीच्या एका मुलीला वारंवार स्वप्न पडते की हॉलतिकीट घरी राहिले आणि फाटक बंद झाले. तिने ते दिवसा वहीत लिहावे. मग नवा शेवट लिहावा : फाटकाशी बाई भेटतात, आसनक्रमांक तपासून तिला आत नेतात, ती बाकावर बसून पहिला प्रश्न सोडवू लागते. हे नवे दृश्य रोज दहा-वीस मिनिटे डोळ्यांसमोर आणावे; जुने स्वप्न घोळवू नये. फरक पडायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्रीची वाट पाहू नये. जागरण टाळावे. जाग आलीच तर दिवा लावून जागेपणाची खात्री करून घ्यावी, मंद श्वास घ्यावा आणि पुन्हा पडावे. त्या वेळी पुस्तक उघडू नये.

मर्यादा : दुःस्वप्ने दर आठवड्याला पडू लागली, झोपायचीच भीती वाटू लागली, दिवसा लक्ष लागेनासे झाले किंवा परीक्षा संपल्यावरही ती थांबली नाहीत, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटावे. एखाद्या आघातानंतर पडणारी स्वप्ने वेगळी असून त्यांवर तज्ज्ञांचेच उपचार हवेत. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर त्याच क्षणी घरच्यांना किंवा शिक्षकांना सांगावे. भारत सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.