पल्पेक्टमी : गळू झालेल्या दुधाच्या दाढेची

दुधाच्या दातातली सडलेली नस मुळांपर्यंत पूर्ण काढून, मुळांतल्या नळ्या धुऊन त्यांत शरीरात विरघळणारी पेस्ट भरण्याच्या उपचाराला पल्पेक्टमी म्हणतात. मोठ्यांच्या रूट कॅनलमध्ये भरतात तो गटापर्चा कायम राहतो. दुधाच्या दाताचे मूळ मात्र खालून कायमचा दात वर येताना झिजत जाते आणि आतले भरणही त्याच्याबरोबर झिजावे लागते. म्हणून इथे गटापर्चा चालत नाही. खाली कायमचा दातच नसेल आणि दुधाची दाढ दीर्घकाळ टिकवायची असेल, तरच त्याचा विचार होतो.

दुधाच्या दाढेचे गळू बहुधा मुळांच्या टोकाशी नसते, दोन मुळांच्या बेचक्यात असते. दाढेच्या आतला तळ पातळ असतो आणि त्यातल्या बारीक वाटांनी जंतुसंसर्ग थेट खालच्या हाडात उतरतो. मग हिरडीवर मुगाएवढी पिवळसर फुटकुळी येते. ती फुटली की दाब सुटतो, ठणका थांबतो आणि घरच्यांना वाटते, बरे झाले. संसर्ग मात्र तिथेच असतो, आणि त्याच बेचक्याखाली कायमच्या उपदाढेचा अंकुर वाढत असतो. म्हणून ‘पडणाराच दात आहे’ असे म्हणून थांबणे घातक आहे. या संसर्गाने येणाऱ्या दातावर डाग पडतात, त्याचे एनॅमल कच्चे राहते.

साडेचार वर्षांच्या मुलाची खालची दुसरी दाढ घेऊ. हिरडीवर फुटकुळी आहे, ताप नाही, गालाला सूज नाही. एक्स-रेत बेचके काळे दिसते, पण मुळे पूर्ण लांबीची आहेत आणि अंकुरावरचे हाडाचे छप्पर शाबूत आहे. ही दाढ साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायला हवी. शिवाय सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ हिच्याच मागच्या भिंतीला धरून वर येते. तेव्हा दुधाची ही दाढ वाचवणेच योग्य. भूल देऊन, रबर डॅम लावून दाढेचे छत उघडतात. एक्स-रेवर दिसणाऱ्या टोकाच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडेच फाइल थांबवतात, कारण पुढे गेल्यास अंकुराला इजा होऊ शकते. या मुळांच्या नळ्या चपट्या, फाटे फुटलेल्या असतात. फाइल सगळीकडे पोचत नाही, म्हणून सोडियम हायपोक्लोराइटने सावकाश धुणे हेच खरे काम. कागदी शंकूने नळी कोरडी करताना पू येतच राहिला, तर त्या दिवशी पेस्ट भरत नाहीत. कॅल्शियम हायड्रॉक्साइड घालून दाढ बंद करतात आणि आठवड्याने पुन्हा पाहतात. पेस्ट भरल्यावर वर स्टीलची कॅप बसवतात, म्हणजे लाळ आत झिरपत नाही. फुटकुळी काही आठवड्यांत जायला हवी आणि सहा महिन्यांच्या एक्स-रेत बेचक्यात हाड भरताना दिसायला हवे. अशा मर्यादित गळूला अँटिबायोटिक लागत नाही. ताप किंवा चेहऱ्यावर पसरणारी सूज असेल तर ते लागते, पण नुसत्या गोळीने दाढ बरी होत नाही.

पेस्ट निवडताना प्रश्न झिजण्याच्या वेगाचा असतो. झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या तेलातले युजेनॉल यांचे मिश्रण सर्वांत जुने. ते मुळापेक्षा सावकाश झिजते. टोकाबाहेर गेलेले कण दाढ पडल्यावरही हिरडीत राहू शकतात, आणि कधी नवा दात थोडा वाकड्या वाटेने येतो. कॅल्शियम हायड्रॉक्साइड-आयोडोफॉर्मची पिवळी पेस्ट सिरिंजने सहज भरता येते आणि बाहेर गेलेली लवकर विरघळते. पण ती मुळाच्या आतूनही आधीच नाहीशी होते व नळी पोकळ राहते. या मुलाच्या दाढेला अजून सहा वर्षे काढायची आहेत, म्हणून मी झिंक ऑक्साइड-युजेनॉलचे किंवा झिंक ऑक्साइड, कॅल्शियम हायड्रॉक्साइड व आयोडोफॉर्म हे तिन्ही घटक असलेले मिश्रण निवडीन. दाढ दोन-तीन वर्षांतच पडणार असेल, तर पिवळी पेस्ट पुरते.

आता याच मुलाच्या एक्स-रेत अंकुरावरचे छप्पर विरलेले दिसले, मुळाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग झिजलेला असला, दाढेच्या तळाला भोक पडलेले असले किंवा कॅप धरण्याइतकाही दात उरला नसला, तर दाढ काढावी. हृदयदोषामुळे जंतुसंसर्गाचा मोठा धोका असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या मुलातही काढणेच सुरक्षित. साडेआठ वर्षांच्या मुलीची खालची पहिली दाढ अशी बिघडली असेल आणि मुळे अर्धी झिजली असतील, तर तिच्यावर पल्पेक्टमीचा खटाटोप करू नये.

साडेचार वर्षांच्या मुलाची दाढ काढली, तर जागा राखावी लागते. सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ अजून हिरडीखाली असल्याने तिला पुढे सरकण्यापासून अडवायला हिरडीत उतरणारी पट्टी असलेले डिस्टल शू बसवतात आणि ती दाढ वर आली की साधे उपकरण देतात. हृदयदोष असलेल्या मुलात हिरडीत शिरणारी पट्टी टाळतात. कायमची दाढ पुढे सरकली तर तिला नंतर मागे नेण्याची तयारी ठेवून वाट पाहतात.